ग्रंथालयाची कपाटे उघडण्याबाबत प्राचार्यांना प्रस्तावपत्र (नमुना उत्तर)

प्रश्न : आपल्या महाविद्यालयाचे ग्रंथालय विद्यार्थ्यांना अधिक उपयोगी व्हावे यासाठी प्राचार्यांना खुले प्रस्तावपत्र लिहा.

उत्तर :

प्रति,
मा. प्राचार्य,
कला व वाणिज्य महाविद्यालय.

विषय : ग्रंथालयातील काही कपाटे विद्यार्थ्यांसाठी खुली करणे, क्रमिक पुस्तकांचा राखीव संच ठेवणे व ग्रंथालयाची वेळ वाढवणे याबाबत प्रस्ताव.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी तृतीय वर्ष कला शाखेची विद्यार्थिनी. हे पत्र मी आपल्या कार्यालयात देत आहे आणि ग्रंथपाल मॅडमच्या परवानगीने त्याची एक प्रत ग्रंथालयाबाहेरच्या फलकावरही लावत आहे. मागणी एकटीची नाही, शिवाय यात मांडलेली मोजणी इतरांनीही तपासून पाहावी अशी इच्छा आहे.

नवीन इमारत किंवा मोठे अनुदान आम्ही मागत नाही. दाखल नोंदवहीप्रमाणे आपल्याकडे १८,४०० पुस्तके आहेत आणि तालुक्याच्या ठिकाणी हा साठा लहान नाही. अडचण अशी की असलेले पुस्तकही वाचणाऱ्याच्या हाती पोहोचत नाही. ते का पोहोचत नाही हे समजून घ्यावे म्हणून आम्ही चौघी फेब्रुवारीत सोमवार ते शनिवार असे सहा दिवस देवघेवीच्या खिडकीजवळ बसलो आणि मॅडमच्या संमतीने प्रत्येक मागणी चिठ्ठीचे पुढे काय झाले ते लिहून ठेवले.

सहा दिवसांत १४३ चिठ्ठ्या आल्या. ६१ जणांना पुस्तक मिळाले, ८२ जण रिकाम्या हाताने परतले. त्यांपैकी ३७ पुस्तके दुसऱ्याने नेलेली होती. १६ चिठ्ठ्यांवर नाव अर्धवट किंवा चुकीचे होते, त्यामुळे नेमके कोणते पुस्तक हवे ते कळलेच नाही. उरलेल्या २९ चिठ्ठ्यांना उत्तर मिळाले, ‘सापडत नाही’.

ही २९ पुस्तके शोधायची असे आम्ही ठरवले. मॅडमनी शनिवारी दुपारी कपाटे उघडून दिली. चार पुस्तके बांधणीच्या गठ्ठ्यात होती आणि सहा शेवटपर्यंत मिळाली नाहीत. बाकीची १९ ग्रंथालयातच निघाली, पण भलत्याच फळीवर. मराठी कथा-कादंबऱ्यांचा वर्गांक ८९१.४६३ आणि निबंधांचा ८९१.४६४. शेवटचा एक आकडा वाचताना नजर चुकली की कादंबरी निबंधांच्या रांगेत जाऊन बसते. नोंदवहीत ते पुस्तक आहे, इमारतीत आहे, पण मागणाऱ्याच्या दृष्टीने हरवलेलेच. मॅडमच्या मदतीला एकच परिचर आहेत. खिडकीवर रांग लागली की परत आलेली पुस्तके घाईत लावली जातात, आणि नंतर प्रत्येक फळी ओळीने तपासायला सवड मिळत नाही. यात मी कुणालाही दोष देत नाही. दोन माणसांवर हे सगळे काम आहे.

त्याच शनिवारी मला आणखी एक गोष्ट कळली आणि या पत्राचे मूळ तीच आहे. माझा प्रकल्प शेततळ्यांवर आहे. आमचा भाग दुष्काळी, म्हणून मी तो विषय घेतला. जानेवारीत मी चिठ्ठीवर ‘शेततळे’ असे लिहून दिले होते. त्या नावाचे पुस्तक नाही असे उत्तर मिळाले आणि ते खरेही होते. पण शोधता शोधता ६३१.५८७ या वर्गांकाच्या फळीवर सिंचनाची चार पुस्तके दिसली. त्यांतल्या दोन पुस्तकांत शेततळ्यांवर स्वतंत्र प्रकरण होते. अर्थशास्त्राच्या बाजूला ३३३.९१ या वर्गांकाखाली पाणीवाटपावरची आणखी तीन पुस्तके होती. या पाचही पुस्तकांची नावे मला ठाऊक नव्हती, मग मी ती चिठ्ठीवर लिहिणार कशी? पुस्तकाचे नाव आधीच माहीत असलेल्याला चिठ्ठी उपयोगी पडते. ज्याला फक्त विषय माहीत आहे, त्याला फळीसमोर उभे राहावेच लागते. एका विषयाची पुस्तके शेजारी शेजारी यावीत यासाठीच वर्गांक घालतात. मॅडमनी १८,४०० पुस्तकांवर ते काम करून ठेवले आहे, पण बंद काचेमागे त्याचा वाचकाला काही उपयोग होत नाही.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. पहिलाच सिद्धांत असा की ग्रंथ उपयोगासाठी आहेत. तो समजावताना त्यांनी युरोपातल्या साखळदंडाने बांधलेल्या पुस्तकांचा इतिहास सांगितला आहे. चौथा सिद्धांत वाचकाचा वेळ वाचवण्याचा. वाचकाला पुस्तकांपर्यंत मोकळेपणी जाऊ द्यावे असा त्यांचा आग्रह होता.

तरीही आपली कपाटे बंद का, हा प्रश्न मी मॅडमना विचारला. त्यांनी मोकळेपणाने उत्तर दिले आणि ते मला पटले. पुस्तकांची जबाबदारी त्यांच्या नावावर आहे. उद्या बदली किंवा निवृत्तीच्या वेळी कार्यभार सोपवताना जितकी पुस्तके कमी भरतील, त्यांचा हिशेब त्यांनाच द्यावा लागेल. कपाट बंद ठेवल्याबद्दल त्यांना कुणी जाब विचारणार नाही, उघडल्यावर एक पुस्तक गेले तर मात्र विचारतील. अशा स्थितीत कोणताही सावध माणूस कुलूपच लावेल. म्हणून ‘कपाटे उघडा’ एवढेच मॅडमना सांगणे अन्यायाचे होईल. किती तूट सामान्य मानायची हे आधी महाविद्यालयाने लेखी ठरवावे, आणि तो निर्णय आपल्या व महाविद्यालय विकास समितीच्या हातात आहे.

त्यासाठी एक तयार मापदंड उपलब्ध आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी नियम २१५ आहे. वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा त्यांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची तूट वाजवी मानता येते, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी, असे त्यात म्हटले आहे. एक हजार रुपयांहून अधिक किमतीचे पुस्तक किंवा दुर्मीळ ग्रंथ गेला तर चौकशी व्हायलाच हवी, अशीही अट आहे. हा नियम केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी आहे आणि आपल्या महाविद्यालयाला तो आपोआप लागू होत नाही. पण ठराव करताना त्याचा आधार घ्यायला हरकत नसावी.

आपल्या आकड्यांवर तो लावून पाहिला. मागच्या वर्षी देवघेवीच्या नोंदीप्रमाणे सुमारे ९,००० पुस्तके दिली गेली. हजारी पाच धरले तर वर्षाला ४५ पुस्तकांची तूट वाजवी ठरते. एका पुस्तकाची सरासरी किंमत २५० रुपये मानली, तर ही रक्कम ११,२५० रुपये होते. एवढी तूट दरवर्षी होईलच असे नाही. ही फक्त वरची मर्यादा आहे. तिच्या आत राहिलेल्या तुटीसाठी ग्रंथपालांकडून वसुली होणार नाही असा ठराव झाला, तर कुलूप काढायला त्यांची तयारी आहे. हे वाक्य मी त्यांना विचारूनच लिहीत आहे.

सगळी कपाटे एकदम उघडावीत असे आमचे म्हणणे नाही. जुलैपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, एका सत्रापुरता हा प्रयोग करावा. त्यासाठी दोन रांगा निवडाव्यात, एक मराठी साहित्याची आणि दुसरी इतिहास व अर्थशास्त्राची. दोन्ही मिळून साधारण ३,२०० पुस्तके होतात. संदर्भग्रंथ, दुर्मीळ पुस्तके आणि हजार रुपयांवरील पुस्तके आताप्रमाणेच बंद राहतील. या दोन रांगांतील पुस्तकांची मोजणी उघडण्यापूर्वी नोंदवहीशी ताडून घ्यावी. नाहीतर आधीच गहाळ असलेली पुस्तके प्रयोगाच्या नावावर जातील आणि निष्कर्ष चुकेल. संपूर्ण साठ्याची पडताळणी आपल्याकडे आठ वर्षांपूर्वी झाली होती. त्याच नियम २१५ प्रमाणे वीस हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयात ती दरवर्षी व्हायला हवी. तूर्त ३,२०० पुस्तकांपुरती केली तरी सुरुवात होईल. चार विद्यार्थी आणि परिचर मिळून हे काम उन्हाळी सुट्टीतल्या पाच दिवसांत होण्यासारखे आहे.

आत जाण्याचा आणि बाहेर येण्याचा दरवाजा एकच ठेवावा आणि त्याला लागूनच देवघेवीचे टेबल असावे. पिशव्या बाहेरच्या कप्प्यांत ठेवूनच आत जावे. मागच्या दोन खिडक्यांना गज आहेत, पण त्यांतून पुस्तक बाहेर सरकवता येते. तिथे बारीक जाळी लागेल. गावातल्या वेल्डरने जाळी आणि पिशव्यांचे कप्पे मिळून २२,००० रुपयांचा अंदाज दिला आहे. तो सोबत जोडला आहे. या प्रस्तावातला मोठा खर्च एवढाच.

एक बारीक नियम मात्र फार कटाक्षाने पाळावा लागेल. फळीवरून काढलेले पुस्तक वाचकाने स्वतः परत फळीवर ठेवायचे नाही, टेबलावरच सोडून जायचे. टापटीप म्हणून आपण वस्तू जागेवर ठेवतो, पण इथे तसे केले तर घोटाळा होतो, कारण वाचक पुस्तक जवळपास कुठेतरी खुपसतो आणि ते हरवते. शनिवारी सापडलेली १९ पुस्तके तर बंद कपाटांत चुकली होती. खुल्या कपाटांत ही चूक कितीतरी पटीने वाढेल. टेबलावर राहिलेली पुस्तके संध्याकाळी मोजून नोंदवली, की घरी न नेता कोणती पुस्तके वाचली जातात हेही कळेल. आज तशी नोंद कुठेच होत नाही. ही पुस्तके जागेवर लावणे आणि रोज दोन फळ्या वर्गांकाप्रमाणे तपासणे, एवढे काम ‘कमवा आणि शिका’ योजनेतील दोन विद्यार्थ्यांना रोज दोन तास द्यावे. ती योजना आपल्याकडे सुरूच आहे. त्यातली मुले सध्या बागेत आणि कार्यालयात काम करतात.

आता क्रमिक पुस्तकांविषयी. ‘बाहेर गेले आहे’ असे उत्तर मिळालेल्या ३७ चिठ्ठ्यांपैकी बहुतेक याच पुस्तकांच्या होत्या. द्वितीय वर्ष वाणिज्यच्या हिशेबशास्त्राच्या पुस्तकाचे उदाहरण घेते. वर्गात १८० विद्यार्थी आहेत आणि पुस्तकाच्या प्रती १२. मुदत १५ दिवसांची आहे. सत्र १५ आठवड्यांचे, म्हणजे १०५ दिवसांचे धरले, तर एक प्रत जास्तीत जास्त सात जणांकडे जाऊ शकते. १२ प्रती ८४ जणांना पुरतील. तेही प्रत्येकाने वेळेवर परत केली तरच, आणि परीक्षा जवळ आली की वेळेवर कुणी करत नाही. म्हणजे निम्म्याहून अधिक वर्गाला ते पुस्तक सत्रभरात एकदाही मिळत नाही. ज्यांना मिळते त्यांना ते एकदाच मिळते, आणि कदाचित त्या पंधरवड्यात तो धडा शिकवलेलाच नसतो.

आणखी प्रती घ्याव्यात हे कुणालाही सुचेल. पण नव्या शैक्षणिक धोरणामुळे अभ्यासक्रम बदलत आहेत, आणि आज घेतलेल्या पन्नास प्रती उद्या माळ्यावर जाऊ शकतात. त्यापेक्षा १२ पैकी चार प्रती राखीव ठेवाव्यात. त्या दिवसा फक्त वाचनकक्षात, एका वेळी दोन तासांसाठी द्याव्यात. ग्रंथालय आठ तास उघडे असेल तर एका प्रतीच्या दिवसाला चार पाळ्या होतात, म्हणजे चार प्रतींच्या सोळा. संध्याकाळी पाचला त्याच प्रती घरी न्यायला द्याव्यात आणि सकाळी नऊला परत घ्याव्यात. अशा दिवसाला २० पाळ्या झाल्या, तर ९० अध्यापन दिवसांत त्या १,८०० होतात. उरलेल्या आठ प्रती सात दिवसांच्या मुदतीने दिल्या तर १५ आठवड्यांत १२० वेळा जातील. प्रती बाराच राहतील, पण प्रत्येक विद्यार्थ्याला पुस्तक पाहायला मिळेल आणि हवा तो धडा शिकवला जात असताना मिळेल.

ही व्यवस्था मोडेल तर रात्रीच्या प्रतींवर. सकाळी एकाने पुस्तक आणले नाही की पुढच्या चार जणांची पाळी जाते. म्हणून रात्रीच्या प्रतीचा दंड रोजाच्या एक रुपयाऐवजी उशिराच्या प्रत्येक तासाला दोन रुपये असावा, आणि दोनदा उशीर करणाऱ्याला त्या सत्रात रात्रीची प्रत देऊ नये. लांबच्या वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्यांचे काय, हा प्रश्न उरतो. त्यांची एसटी दहानंतर पोहोचते, त्यामुळे रात्रीची प्रत त्यांना नेता येणार नाही. आठवड्याच्या आठ प्रतींपैकी तीन अशा विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवाव्यात. पहिला विचार करताना ही गोष्ट माझ्याही लक्षात आली नव्हती. माझ्याच वर्गातल्या मुलीने ती दाखवून दिली.

आठ तासांचा हा हिशेब वेळ बदलल्याशिवाय जुळत नाही. सध्या ग्रंथालय साडेदहाला उघडते, साडेचारला बंद होते आणि दुपारी अर्धा तास खिडकी बंद असते. आमचे तासही नेमके याच वेळेत असतात. मॅडम नऊ ते चार आणि परिचर दहा ते पाच अशा पाळ्या लावल्या तर कुणाचेही कामाचे तास न वाढता ग्रंथालय नऊ ते पाच चालू राहील, आणि जेवणाच्या सुट्ट्या आळीपाळीने घेता येतील. रजेच्या दिवशी मात्र ही घडी विस्कटेल, म्हणून कार्यालयातील एका कर्मचाऱ्याला देवघेव शिकवून ठेवावी.

संगणकीकरणाबद्दल थोडेच लिहिते. ‘कोहा’ ही ग्रंथालयाची संगणक प्रणाली मोफत मिळते, आणि ती बसवली तर पुस्तक आत आहे की बाहेर हे मोबाइलवर दिसेल. पण ज्या फळ्या नोंदवहीशी जुळत नाहीत, त्यांचीच यादी संगणकावर चढवली तर पडद्यावर ‘उपलब्ध’ असे दिसेल आणि फळीवर पुस्तक नसेल. त्यामुळे आधी मोजणी, मग यंत्र. ज्या ३,२०० पुस्तकांची पडताळणी होईल, त्यांच्या नोंदी पहिल्यांदा भराव्यात.

प्रयोग यशस्वी झाला की नाही हे ठरवायला दोन गोष्टी मोजाव्यात. नोव्हेंबरमध्ये त्या दोन रांगांची पुन्हा मोजणी करावी. त्या रांगांतून दिलेली आणि टेबलावर वाचलेली पुस्तके मिळून दर हजारी पाचपेक्षा जास्त तूट आली, तर ती रांग पुन्हा बंद करावी, आमची तक्रार राहणार नाही. दुसरे म्हणजे सहा दिवसांची चिठ्ठ्यांची मोजणी तशीच पुन्हा करावी. तेव्हा १४३ पैकी ८२ जण परतले होते. ‘सापडत नाही’ची संख्या २९ वरून दहाच्या आत आली नाही, तर फळ्या तपासण्याचे काम नीट होत नाही असे समजून ते आधी सुधारावे.

तरी आपणांस विनंती आहे की हा प्रस्ताव ग्रंथालय समितीच्या येत्या बैठकीत घ्यावा, आणि तुटीच्या मर्यादेचा ठराव महाविद्यालय विकास समितीपुढे मंजुरीसाठी ठेवावा. बैठकीत आमच्यापैकी दोघींना मोजणीची वही घेऊन दहा मिनिटे उपस्थित राहू द्यावे. फळ्यांच्या मोजणीसाठी अकरा जणांनी नावे दिली आहेत. त्यांची यादी आणि वेल्डरचा अंदाज सोबत जोडला आहे. मोजणी सुट्टीत उरकायची असल्याने १५ मेपूर्वी निर्णय कळला तर बरे होईल.

कळावे,

आपली विश्वासू,
एक विद्यार्थिनी
तृतीय वर्ष कला

सोबत :
सहा दिवसांच्या मागणी चिठ्ठ्यांची नोंद
जाळी व कप्प्यांचा खर्चाचा अंदाज
मोजणीसाठी नावे दिलेल्या विद्यार्थ्यांची यादी

प्रत माहितीसाठी : मा. ग्रंथपाल